छोटी खोली चित्रात ताणलेली दिसते? प्रॉम्प्टमधली फोकल लेंथ अशी तपासा

मी लहान फ्लॅटचं इंटिरियर करते. सुताराला काम देण्याआधी ग्राहकाला कल्पना यावी म्हणून इमेज जनरेटरवर खोलीचं चित्र काढून दाखवते. या कामात एकच दोष पुन्हा पुन्हा समोर येतो: खोली असते दहा बाय अकराची आणि चित्रात ती पंधरा बाय अठराची वाटते. ग्राहक चित्र पाहून खूश होतो, पलंगाशेजारी खुर्ची ठेवायचं ठरवतो, आणि पलंग बसल्यावर तिथे फूटभर जागा उरते. हा दोष बहुतेक वेळा प्रॉम्प्टच्या, म्हणजे जनरेटरला लिहून दिलेल्या वर्णनाच्या, शब्दांतून येतो आणि शब्द बदलूनच जातो. खालचा क्रम सोप्या आणि फुकटच्या उपायापासून वेळखाऊ उपायापर्यंत लावला आहे. पहिल्या दोन पायऱ्यांतच काम झालं तर पुढे जाऊ नका.

लक्षणं

चित्र मोठं करून आधी कडा बघा, मग समोरची भिंत.

- कडेचं गोल घड्याळ किंवा कुंडी लंबगोल झाली आहे. छताच्या पंख्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा फारच लांब दिसतं.
- पलंगाची पायाकडची बाजू अवाढव्य आणि उशाकडची चिमुकली. समोरची खिडकी लांब पळाल्यासारखी.
- पलंग आणि भिंत यांच्यामध्ये नकाशात नसलेली जागा तयार झाली आहे.
- जमिनीवरच्या टाइल्स चौकोनी न राहता पुढे लांबट पट्ट्या झाल्या आहेत.
- एकाच चित्रात तीन पूर्ण भिंती, सगळं छत आणि सगळी जमीन दिसते.

याच्याबरोबर आणखी दोन दोष नेहमी मिसळले जातात. कपाटाच्या उभ्या कडा वरती किंवा खालती एकमेकींकडे झुकत असतील तर कॅमेरा वर किंवा खाली कललेला आहे. तिथे फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएममधला आकडा, जो जितका लहान तितका कोन रुंद, बदलून काही होणार नाही, कॅमेरा समतल आहे असं लिहावं लागतं. सरळ पडद्याची दांडी धनुष्यासारखी वाकली असेल तर जनरेटरच्या मॉडेलनं फिशआय किंवा ॲक्शन कॅमेऱ्याच्या फोटोंची नक्कल केली आहे. इथे आपण ज्याच्या मागे आहोत तो ताण सरळ रेषा सरळच ठेवतो. म्हणूनच तो लवकर लक्षात येत नाही.

आधी कारण, थोडक्यात

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ एमएमचा असतो. लेन्सला किती रुंदी दिसेल हे काढायला अंतराला ३६ ने गुणून फोकल लेंथने भागायचं. ३५ एमएमला ३६ भागिले ३५ हे जवळजवळ १ येतं, म्हणजे दहा फुटांवरून साधारण दहा फूट भिंत दिसते. २४ एमएमला दीडपट, म्हणजे पंधरा फूट. १८ एमएमला दुप्पट. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान होतं.

रुंद कोनाची किंमत कडेला मोजावी लागते. सपाट सेन्सरवर सरळ रेषा सरळ ठेवायच्या असतील तर कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेला ओढल्या जाणं अटळ आहे. आडव्या फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला एक चेंडू ठेवलात तर ५० एमएमवर तो सुमारे ६ टक्के लांबतो, ३५ वर १२ टक्के, २४ वर २५ टक्के आणि १६ एमएमवर तब्बल दीडपट होतो. साध्या डोळ्याला २८ पर्यंत फारसं खटकत नाही. २४ पासून कडेच्या उशा फुगलेल्या वाटायला लागतात.

आता महत्त्वाचं. इमेज जनरेटरमध्ये लेन्स नसते. तुम्ही `28mm` लिहिता तेव्हा कुठलाही कोन मोजला जात नाही. ज्या फोटोंच्या वर्णनात असे शब्द होते, त्या फोटोंसारखं दिसणारं चित्र मॉडेल तयार करतं. खोल्यांचे फोटो बहुतेक घर विकण्यासाठी किंवा हॉटेल दाखवण्यासाठी काढलेले असतात आणि ते १६ ते २४ एमएमवर काढायची पद्धत आहे. म्हणजे आपण काहीच लिहिलं नाही तरी मॉडेलचा कल रुंद कोनाकडेच असतो. त्या कलाच्या विरुद्ध जायला एकटा आकडा कमी पडतो. त्याच्या बाजूनं साक्ष देणारे शब्द द्यावे लागतात.

पहिली तपासणी: ताणणारे शब्द काढा

याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. माझ्याकडे तपासायला येणारे प्रॉम्प्ट साधारण असे असतात:

```
spacious modern small bedroom, wide-angle interior photography,
35mm, entire room visible, real estate photo, 8k
```

यात `35mm` आहे, तरी चित्र ताणलेलंच येतं. कारण उरलेले सगळे शब्द त्याच्या विरोधात आहेत. `wide-angle` तर उघड आहे. `real estate photo` हा शब्द स्वतःच १६ एमएमच्या फोटोंचं गाठोडं घेऊन येतो. `spacious` आणि `small` एकमेकांना खोडतात, आणि मॉडेलला ज्याचे फोटो जास्त ठाऊक आहेत ते `spacious` जिंकतं. `entire room visible` ही सर्वांत घातक मागणी. दहा फुटांच्या खोलीत आत उभं राहून सगळी खोली एका नजरेत मावतच नाही. ती मागणी पुरी करायला मॉडेलकडे दोनच वाटा उरतात: कोन रुंद करणं, नाहीतर खोलीच मोठी करणं.

हे शब्द काढा आणि बाकी काही न बदलता पुन्हा चित्र काढा. तुमच्या साधनात सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, कायम ठेवता येत असेल तर तो ठेवाच, नाहीतर फरक शब्दामुळे पडला की योगायोगानं, हे कळणार नाही.

`no wide angle` असं मूळ वाक्यात लिहू नका. नकार बऱ्याच मॉडेलना नीट कळत नाही आणि ज्याला नको म्हटलं त्याचंच नाव वाक्यात येतं. स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनात नकारासाठी वेगळी जागा असते, मिडजर्नीत `--no` असतं. `wide-angle, fisheye, ultra wide` हे शब्द तिथे घाला.

दुसरी तपासणी: आकड्याला जागा आणि उंची जोडा

लोक इथे फक्त आकडा वाढवत जातात. २८, मग ३५, मग ५०, मग ८५. पन्नासच्या पुढे गेलं की चित्र दुसऱ्या बाजूनं खोटं होतं. समोरची भिंत जवळ येते, पलंग चपटा दिसतो, सगळं निवांत वाटतं, पण तो फोटो काढायला कॅमेरा मागच्या भिंतीपलीकडे, शेजाऱ्याच्या हॉलमध्ये ठेवावा लागला असता. वस्तूंचं लहान-मोठेपण ठरतं ते कॅमेरा कुठे उभा आहे त्यावरून. लेन्स फक्त त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. म्हणून फोकल लेंथ आणि उभं राहण्याची जागा यांचा मेळ बसला पाहिजे.

एक खोली पूर्ण घेऊन बघू. रुंदी दहा फूट, लांबी अकरा फूट, छत साडेनऊ फुटांवर. दार एका आखूड भिंतीत, पलंगाचं डोकं समोरच्या आखूड भिंतीला. पलंग पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब. उजव्या लांब भिंतीला दोन फूट खोल, सरकत्या दारांचं कपाट. कपाट आणि पलंगामध्ये दोन फुटांची वाट. डाव्या बाजूला पलंग आणि भिंतीमध्ये एक फूट. बेरीज केली तर एक, पाच, दोन, दोन: दहा फूट.

दारात उभं राहिलं की समोरची भिंत साधारण साडेदहा फुटांवर आहे. ३५ एमएम आडवा धरला तर भिंतीची सगळी रुंदी मावते, पण उंची मावते फक्त सव्वासात फूट. कॅमेरा चार फुटांवर समतल असेल तर छत दिसत नाही आणि जमीन तर जवळपास दिसतच नाही, कारण ती चौकटीत येण्याआधी भिंत लागते. अशा चित्रातून ग्राहकाला काही कळत नाही. मग तो म्हणतो, जरा मोठं दाखवा, आणि आपण पुन्हा `wide` लिहितो.

त्याऐवजी २८ एमएम उभा धरा. आता रुंदीसाठी ३६ ऐवजी २४ ने गुणायचं, म्हणून भिंतीची नऊ फूट रुंदी मावते: डावीकडची फूटभर जागा, पलंगाचं अख्खं डोकं, दोन फुटांची वाट आणि कपाटाचा शेवटचा फूटभर भाग. चार बाय पाचच्या चौकटीत वर छत आणि खाली जमीन दोन्ही येतात. डाव्या-उजव्या कडेचा ताण ९ टक्क्यांच्या आसपास राहतो. कपाट पूर्ण दिसत नाही, आणि ते दिसायलाही नको. त्याच्यासाठी दुसरं चित्र काढायचं.

आता हेच शब्दांत:

```
small bedroom, 10 by 11 feet, seen from the doorway,
camera level at 4 feet height, 28mm lens, full-frame camera,
wardrobe on the right partly cut off by the frame,
queen bed with one foot of gap to the left wall,
straight verticals, everything in focus
```

यातला सर्वांत कामाचा शब्दसमूह `partly cut off by the frame` हा आहे. काहीतरी चौकटीबाहेर जायला तुम्ही परवानगी दिलीत की मॉडेलवरचं सगळं कोंबण्याचं दडपण जातं. `seen from the doorway` कॅमेऱ्याला जागा देतं. चार फुटांची उंची लिहिली नाही तर कॅमेरा छताजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसण्याची भीती असते, आणि तिथून प्रत्येक खोली मोठी दिसते.

आकड्याबद्दल दोन सूचना. नुसतं `35mm` लिहू नका, `35mm lens` लिहा. नाहीतर मॉडेल त्याचा अर्थ ३५ एमएमचा फिल्म रोल असा घेतं आणि चित्रात दाणेदारपणा, जुने रंग येतात. आणि `f/1.8` सारखं काही जोडू नका. त्यानं मागची भिंत धूसर होते, आणि आपल्याला तीच भिंत मोजायची आहे. २८ लिहूनही चित्र पसरट येत असेल तर तोच प्रॉम्प्ट `35mm lens` लिहून काढा. रुंदीकडचा मूळ कल धरून चालायचं तर एक पायरी लांबचा आकडा लिहिल्यावर हवं ते मिळतं, असं मला बऱ्याचदा दिसलं आहे. २४ आणि २८ मधला बारीक फरक मात्र मॉडेल पाळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तिसरी तपासणी: चौकटीचा आकार

प्रॉम्प्ट नीट असूनही खोली रुंद होत असेल तर चित्राचं प्रमाण बघा. सोळा बाय नऊची आडवी चौकट ठेवली असेल तर ती पट्टी भरायला मॉडेल भिंती बाजूला सरकवतं. लहान खोलीसाठी चार बाय पाच किंवा दोन बाय तीन उभी चौकट ठेवा. मिडजर्नीत `--ar 4:5`, इतर साधनांत रुंदी-उंचीचे रकाने असतात.

चौथी तपासणी: चित्र मोजा

डोळ्यांवर विसंबू नका, कारण ताणलेली खोली डोळ्याला आवडते. दोन मोजमापं पुरतात आणि दोन्हीला स्क्रीनवर पट्टी धरली तरी चालतं.

पहिलं मोजमाप समोरच्या भिंतीवरचं. कॅमेरा त्या भिंतीकडे सरळ बघत असेल तर भिंतीला चिकटलेल्या सगळ्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण खरं राहतं, लेन्स कुठलीही असो. पलंगाच्या हेडबोर्डची रुंदी मोजा, मग त्याच्या डाव्या टोकापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. आपल्या खोलीत हे एक फूट आणि पाच फूट आहे, म्हणजे एकास पाच. हेडबोर्ड पाच सेंटीमीटर असताना फट दोन सेंटीमीटर आली, तर मॉडेलनं तिथे दोन फूट जागा धरली आहे. हा लेन्सचा ताण नव्हे, खोलीच बदलली आहे. अशा वेळी फोकल लेंथचे शब्द हलवत बसू नका, फट किती हे प्रॉम्प्टमध्ये अधिक ठळक लिहा किंवा सरळ पुढच्या पायरीवर जा.

दुसरं मोजमाप कॅमेऱ्यापासून आत जाणाऱ्या दिशेचं. पलंगाची पायाकडची कड आणि उशाकडची कड, दोन्हींची चित्रातली रुंदी मोजून पहिलीला दुसरीने भागा. आपल्या खोलीत कॅमेरा भिंतीपासून साडेदहा फुटांवर आणि पलंगाच्या पायापासून चार फुटांवर आहे, म्हणून उत्तर २.६ च्या आसपास यायला हवं. उलट्या दिशेनंही जाता येतं: पलंगाची लांबी साडेसहा फूट, तिला आलेल्या उत्तरातून एक वजा करून भागा, की कॅमेरा पायापासून किती दूर उभा आहे ते मिळतं. उत्तर ४ आलं तर कॅमेरा जेमतेम सव्वादोन फुटांवर, म्हणजे खोलीत पुढे येऊन रुंद कोनातून बघतो आहे. उत्तर १.५ आलं तर तो तेरा फुटांवर आहे, आणि आपल्या खोलीत तेवढी जागाच नाही. २.२ ते ३ मधलं काहीही मी चालवून घेते. पायाकडची कड चौकटीत कापली गेली असेल तर हेच गणित जमिनीवरच्या टाइलच्या दोन रेषा धरून करता येतं.

पाचवी तपासणी: शब्द सोडून भूमिती द्या

चार पायऱ्यांनंतरही प्रमाण चुकत असेल तर शब्दांची मर्यादा आली. आता खोलीचं साधं ठोकळ्यांचं मॉडेल बनवा. स्केचअपमध्ये चार भिंती, पलंगाचा ठोकळा, कपाटाचा ठोकळा एवढं अर्ध्या तासात होतं. पोझिशन कॅमेरा या साधनानं दारात उभे रहा, उंची चार फूट द्या. मग झूमचं साधन निवडून कीबोर्डवर टाइप करा:

```
28mm
```

आणि एंटर दाबा. इथे मात्र आकडा खराखुरा पाळला जातो. कॅमेरा मेन्यूतलं टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह लावलं की उभ्या रेषा उभ्या राहतात. ब्लेंडर वापरत असाल तर कॅमेऱ्याची फोकल लेंथ मुळात ५० एमएम आणि सेन्सर ३६ एमएम असतो. फक्त फोकल लेंथ बदला. चित्रात छत किंवा जमीन जास्त हवी असेल तर कॅमेरा न कलवता शिफ्टचा आकडा हलवा.

हे ठोकळ्यांचं चित्र किंवा त्याचा डेप्थ मॅप, म्हणजे कुठली वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे दाखवणारं चित्र, जनरेटरला आधार म्हणून द्या. स्टेबल डिफ्यूजनमध्ये कंट्रोलनेटचा डेप्थ हा पर्याय त्यासाठीच आहे. भिंती, पलंग, वाट जिथल्या तिथे राहतात आणि प्रॉम्प्टला फक्त लाकूड, कापड आणि उजेड सांभाळायचा असतो. प्रॉम्प्टमध्ये फोकल लेंथ तरीही लिहा, आणि ठोकळ्यांच्या मॉडेलमध्ये जी दिली तीच लिहा. दोन्हींत तफावत असेल तर कडेच्या वस्तू विचित्र वाकतात. आधाराची तीव्रता फार कमी ठेवली की भिंती पुन्हा सरकायला लागतात, म्हणून चित्र आल्यावर चौथ्या पायरीतली मोजमापं परत करा.

कुठे थांबायचं

तीन प्रसंगांत मी जनरेटर बंद करते.

चित्रावरून सुतार माप घेणार असेल तेव्हा. कितीही प्रामाणिक दिसलं तरी ते चित्र मोजमापाचा कागद नाही. प्लायवूड कापायचं ते जागेवर टेप लावून काढलेल्या ड्रॉइंगवरूनच, आणि ते ड्रॉइंग इंटिरियर डिझायनरकडून करून घ्या.

डेप्थ मॅप देऊनही खोलीची प्रमाणं जुळत नसतील तेव्हा. एल आकाराची खोली, तिरकी भिंत, मधोमध आलेला बीम, जिन्याखालची जागा, अशा ठिकाणी हे नेहमी होतं. थ्रीडी व्हिज्युअलायझरकडून रीतसर रेंडर करून घेणं जास्त वेगाचं पडतं. त्याला देताना नकाशावर कॅमेऱ्याची जागा बाणानं दाखवा आणि फोकल लेंथ, उंची, चौकटीचं प्रमाण लिहून द्या. ‘छान अँगल घ्या’ एवढंच सांगितलंत तर तोही १८ एमएमच घेईल.

आणि फ्लॅट विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा असेल तेव्हा. तिथे तयार केलेलं चित्र देऊच नका. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर भरवसा ठेवून पैसे भरलेल्या आणि नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाईचा हक्क देतं; त्यात नमुना फ्लॅटही येतो. बिल्डरसाठी काम करत असाल तर असं चित्र जाहिरातीत जाण्याआधी त्यांच्या वकिलाला दाखवा. घरमालक असाल तर खऱ्या खोलीचा खरा फोटो काढा. मोबाइलच्या ०.५ च्या लेन्सपासून लांब रहा, ती १३ एमएमच्या आसपास असते. नेहमीची १ ची लेन्स २४ ते २६ एमएमच्या जवळपास असते, ती उभी धरून दारातून फोटो घ्या. त्यानंही जमत नसेल तर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, वापरणारा आर्किटेक्चरचा छायाचित्रकार बोलवा, आणि काम ठरवतानाच त्याला सांगा की २४ एमएमच्या खाली जायचं नाही आणि कार्पेट एरियाचा आकडा फोटोसोबत छापला जाणार आहे.